क्रेडिट कार्ड बिलात एकाच खरेदीची दोनदा आकारणी : १३,१४१ रुपये परत मिळण्याबाबत

दिनांक : २६ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

कार्डाचे शेवटचे चार अंक : ४४१७
स्टेटमेंट : २० जून २०२५, भरण्याची अंतिम तारीख १० जुलै २०२५

महोदय,

१२ जूनला गुरुवारी मी आर्णी येथील कृषी केंद्रातून पेरणीचा माल घेतला. कपाशीच्या बियाण्याची ८ पाकिटे, डीएपीच्या ४ बॅगा आणि युरियाच्या २. बिल क्रमांक ११८६, रक्कम १३,१४१ रुपये. स्टेटमेंटमध्ये हीच रक्कम दोनदा लागली आहे :

१२ जून, सकाळी ११.४२, १३,१४१ रुपये, RRN 516306014821
१२ जून, सकाळी ११.४९, १३,१४१ रुपये, RRN 516306014902

माझी तक्रार यातल्या पहिल्या व्यवहाराबद्दल आहे. दुसरा मला मान्य आहे.

त्या दिवशी आभाळ भरून आले होते आणि दुकानात रेंज येत-जात होती. पहिल्यांदा कार्ड लावून पिन टाकला, तेव्हा मशीन बराच वेळ फिरत राहिले आणि शेवटी कनेक्शन तुटल्याचा संदेश आला. स्लिप निघाली नाही. दुकानदारांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केले, मी पुन्हा पिन टाकला, या वेळी स्लिप निघाली आणि माल गाडीत भरला. शेतावर रेंज नसते, त्यामुळे बँकेचे दोन्ही मेसेज मला संध्याकाळी घरी आल्यावर एकदमच दिसले. पहिली रक्कम आपोआप परत येईल असे दुकानदार म्हणाले, म्हणून स्टेटमेंट येईपर्यंत थांबले.

२३ जूनला हेल्पलाइनवर फोन केला, तेव्हा दोन्ही व्यवहारांचे वरील क्रमांक मिळाले, पण उत्तर असे मिळाले की दोन्ही वेळा पिन टाकलेला आहे, म्हणून दोन्ही व्यवहार वैध. हे उत्तर मला मान्य नाही. पिन मी दोनदा टाकला हे मी नाकारतच नाही. माल एकदाच घेतला आणि दुकानदाराला पैसे एकदाच मिळाले, हे माझे म्हणणे आहे. कार्ड चोरीला गेलेले नाही, कोणी फसवणूकही केलेली नाही. तेव्हा ही तक्रार फसवणुकीची समजून कृपया कार्ड बंद करू नका. ऐन पेरणीत ते बंद झाले तर माझी फार अडचण होईल.

दुकानदारांनी त्यांच्या मशीनचा १२ जूनचा हिशेब आणि खात्याचा उतारा तपासला. त्यात या रकमेचा एकच व्यवहार आहे, तो ११.४९ चा. तसे त्यांनी सही-शिक्क्यानिशी लिहून दिले आहे.

स्टेटमेंटची एकूण रक्कम २७,४८० रुपये आहे. त्यातून वादातले १३,१४१ वजा करून उरलेले १४,३३९ रुपये मी आजच भरले आहेत. माझी देणे चुकवण्याची इच्छा नाही, पण न घेतलेल्या मालाचे पैसे मी भरणार नाही.

माझी मागणी अशी आहे. ११.४२ च्या व्यवहाराचे १३,१४१ रुपये कार्ड खात्यात परत जमा करावेत. बिल पूर्ण भरले नाही या कारणाने व्याज, विलंब शुल्क किंवा त्यावरचा जीएसटी लावू नये, आणि लागल्यास तोही परत करावा. या रकमेची थकबाकी म्हणून क्रेडिट ब्युरोकडे नोंद पाठवू नये. कार्डाची मर्यादा ४०,००० रुपयांची आहे. त्यातला जवळपास तिसरा हिस्सा या एका चुकीने अडकला आहे आणि पऱ्हाटीला खताचा दुसरा डोस महिनाभरात द्यावा लागेल, म्हणून रक्कम लवकर मोकळी होणे मला गरजेचे आहे.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, दुकानातल्या मशीनवर स्लिप न निघता ग्राहकाचे पैसे वजा झाले, तर व्यवहारानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. ती मुदत १७ जूनला संपली. १८ जूनपासून रक्कम जमा होईपर्यंतची भरपाईही द्यावी.

पहिला व्यवहार पूर्ण झाला होता असे बँकेचे मत असेल, तर त्याची स्लिप आणि दुकानदाराच्या खात्यात पैसे पोचल्याचा पुरावा मला दाखवावा. 'पिन टाकला होता' एवढेच उत्तर पुन्हा पाठवू नये. या तक्रारीचा नोंदणी क्रमांक आणि ३० दिवसांच्या आत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करेन.

फोन करायचा असल्यास नोंदवलेल्या नंबरवर सायंकाळी सहानंतर करावा, दिवसा शेतात फोन लागत नाही.

सोबत : बिल क्रमांक ११८६, ११.४९ ची स्लिप, दोन्ही मेसेजचे फोटो, स्टेटमेंटचे पान, दुकानदाराचे पत्र आणि आजच्या भरण्याची पावती.

आपली विश्वासू,
सविता प्रकाश जाधव
ता. आर्णी, जि. यवतमाळ