करवतीच्या रेघा

भार-चाचणीसाठी ठेवलेली वाळूची तिसरी गोणी जेमतेम टेकली, तेवढ्यात चौकटीतून 'टक्' असा बारीक आवाज आला. रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि सकाळी दहाला ढकलगाडी परीक्षकांसमोर सादर करायची होती. अनघाने गोण्या उतरवून टॉर्च धरला, तेव्हा मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या जोडावर केसाएवढा काळा तडा दिसला. तो नेमका त्या जोडावर होता, जो तिने ग्राइंडरने घासून आरशासारखा गुळगुळीत केला होता.

तिने तातडीने रॉड होल्डरला लावला आणि मास्क डोक्यावर चढवला. शेजारच्या टेबलावर स्वतःचे काम आवरत असलेली शेवटच्या वर्षाची मीनलताई तेवढ्यात उठून आली आणि तिने वेल्डिंग मशीनचे बटण बंद केले.

"तड्यावरून रॉड फिरवलास तर तडा आत तसाच राहील, फक्त तुला दिसायचा बंद होईल. आधी तो कोपरा कापून उघड."

अनघाच्या डोळ्यांत पाणी आले. तीन आठवडे खपून उभी केलेली चौकट आपल्याच हाताने कापायची, ही कल्पनाच तिला सहन होईना. तरीही तिने पातळ कटिंग डिस्क लावली आणि कोपरा सोडवला. मीनलताईने सुटलेले टोक दिव्याखाली धरले. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी पाइपाची भिंत दोन मिलिमीटर जाड होती. तिच्या बाहेरच्या कडेला वितळलेल्या धातूची कागदासारखी पातळ पट्टी चमकत होती, पण आतल्या बाजूला हॅक सॉच्या पात्याने उमटवलेल्या तिरक्या रेघा जशाच्या तशा होत्या.

"या रेघा दिसतात, म्हणजे इथला धातू कधी वितळलाच नाही. करंट किती ठेवला होतास?"

"पन्नास. पाइपाला भोक पडेल अशी भीती वाटत होती."

"आणि टोके एकमेकांना घट्ट चिकटवलीस, त्यामुळे वितळलेल्या धातूला आत उतरायला वाटच उरली नाही. तो वर साचला आणि जोड सुंदर दिसावा म्हणून तू तोही घासून टाकलास. म्हणजे जेवढा जोड खरा होता, तेवढाच गेला."

अनघा बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिली. मग तिने उरलेल्या तीन कोपऱ्यांकडे नजर टाकली. तिथे कुठेही तडा नव्हता. मीनलताई काहीच बोलली नाही. ते तिन्ही जोड त्याच हाताने, त्याच पन्नास अँपिअरवर केलेले होते आणि तसेच घासलेले होते, हे अनघाला कोणी सांगायची गरज नव्हती.

"तेही कापते," ती म्हणाली.

"काप, पण एका वेळी एकच. सगळे एकदम सोडवलेस तर चौकटीचा आकार हातातून जाईल. कापताना डिस्कमुळे जी फट पडेल ती बुजवू नकोस, तीच तुला हवी आहे."

त्याआधी मात्र मीनलताईने तिला पाइपाचे उरलेले तुकडे आणायला लावले. अडीच मिलिमीटरच्या त्याच रॉडने, पण या वेळी टोकांमध्ये दीड मिलिमीटर फट ठेवून अनघाने ते जोडले. ऐंशीवर भोक पडले. सत्तरवर, रॉड जवळ धरून, वितळलेल्या धातूचे तळे दोन्ही कडांना भिडते आहे की नाही हे पाहत हात पुढे सरकवला, तेव्हा जोडावर गोठलेल्या धातूची पट्टी, म्हणजे बीड, नीट बसली. तो तुकडा व्हाइसमध्ये आवळून तिने हातोड्याचे घाव घातले. पाइप वाकला, चेपला, पण जोड उघडला नाही. पहिल्या पद्धतीने केलेला तुकडा दुसऱ्याच घावाला सुटला आणि आत पुन्हा त्याच तिरक्या रेघा निघाल्या. हा फरक स्वतःच्या मनगटाला जाणवला, त्याचे मोल तिच्या लेखी कोणत्याही व्याख्यानापेक्षा मोठे होते.

मग काम सरळ चालले. प्रत्येक कोपरा कापायचा, तारेच्या ब्रशने साफ करायचा, गुण्या लावून टॅक, म्हणजे तात्पुरता छोटा टाका, मारायचा. चारही झाल्यावर टेपने दोन्ही कर्ण मोजले, तर एका मिलिमीटरचा फरक निघाला. त्यानंतर समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने पूर्ण केले, म्हणजे उष्णतेने चौकट एका अंगाला ओढली जाणार नाही. बीड संपवताना रॉड झटकन न उचलता क्षणभर मागे आणून शेवटचा खड्डा भरायचा, हे मीनलताईने एकदाच सांगितले. अनघाने मात्र प्रत्येक वेळी ते मनातल्या मनात म्हटले. शेवटचा जोड झाल्यावर तिचा हात पाण्याच्या बादलीकडे गेला.

"राहू दे. आपोआप गार होऊ दे."

अडीच वाजता वाळूच्या सहा गोण्या चढल्या. चौकटीतून कसलाही आवाज आला नाही.

सकाळी परीक्षकांनी खवल्याखवल्यांच्या त्या खडबडीत बीडवरून बोट फिरवले आणि विचारले, "हे घासून साफ का केले नाही?"

अनघाने पिशवीतून रात्री दुसऱ्याच घावाला सुटलेला तुकडा काढला आणि रेघांची बाजू वर करून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.