आधी पुन्हा घडवा, मग हात लावा

नमस्कार मंडळी. प्रोजेक्टर अजून निळाच आहे, तोवर पोह्यांची गोष्ट सांगते.

मी तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी होस्टेलच्या मेससाठी एक छोटं ॲप केलं होतं. ‘आजचा नाश्ता’ हे बटण दाबलं की तुमचं नाव आजच्या यादीत. मेसच्या काकू सकाळी सहाला यादी बघून पोहे भिजवायच्या. महिनाभर छान चाललं. मग परीक्षा जवळ आल्या आणि रोज पाच-सहा जण भांडायला यायला लागले, की बटण दाबलं होतं तरी यादीत नाव नाही. रोज वेगळे लोक. काकूंचं म्हणणं सरळ होतं: वहीत असं कधी झालं नव्हतं.

आम्ही सकाळी दहाला लॅबमध्ये बसलो, बटण दाबलं, नाव आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा आलं. ‘आमच्याकडे तर चालतंय!’ हे वाक्य तुमच्यापैकी कोणी अजून उच्चारलं नसेल तर या सेमिस्टरला उच्चाराल. पण काहीतरी केल्यासारखं दिसायला हवं ना? एकाने लायब्ररीची आवृत्ती वाढवली. दुसरीने डेटाबेसमधल्या तारखेच्या कॉलमचा प्रकार बदलला. मी कॅशिंग काढून टाकलं. सगळं एकाच कमिटमध्ये, मेसेज ‘नाश्ता फिक्स’. मग बटण दाबलं, नाव आलं आणि आम्ही चहाला गेलो.

नाव येणारच होतं. आधीही येतच होतं! दुखत नसलेल्या दाताला लवंग लावून ‘बघ, थांबलं’ म्हणण्यातला प्रकार. दुसऱ्या दिवशी तक्रारी तेवढ्याच, वर महिन्याच्या बिलाची बेरीजही चुकायला लागली. आता बग दोन, आणि दुसरा तिघांपैकी कोणाच्या बदलामुळे आला ते कोणालाच सांगता येईना. लायब्ररीवाला म्हणे कॉलम, कॉलमवाली म्हणे कॅशिंग.

शेवटी सगळं मागे घेऊन पहिल्या जागी आलो आणि लोकांना नीट विचारायला लागलो. ‘काय झालं?’ असं विचारलं की तक्रारच पुन्हा ऐकायला मिळते. म्हणून विचारलं: किती वाजता दाबलंस? त्याआधी काय केलंस? स्क्रीनवर काय दिसलं? एक जण म्हणाला, रात्री बारा चाळीसला, अभ्यास करून झोपायच्या आधी. सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याची नोंद होती १९:१० ची. तो बारा चाळीसवर ठाम, लॉग १९:१० वर ठाम. वजाबाकी केली: साडेपाच तास. मग बाकीच्यांच्या वेळा वहीत लिहिल्या. सगळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या पट्ट्यातले. एक तर पाच दहाला पळायला जाताना दाबणारा. पाच पन्नासला दाबणाऱ्याची तक्रारच नव्हती.

सर्व्हर यूटीसीवर चालत होता आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. इथे मध्यरात्र उलटली तरी त्याच्या लेखी कालचाच दिवस, म्हणून नाव कालच्या यादीत. परीक्षेआधी रात्री जागतं कोण? म्हणून महिनाभर काही दिसलं नाही. आणि सकाळी दहाला लॅबमध्ये बसून आम्हाला तो जन्मात सापडला नसता.

हां, आला प्रोजेक्टर. हे बघा:

```python
from datetime import datetime, timezone
from zoneinfo import ZoneInfo

t = datetime(2024, 8, 13, 20, 0, tzinfo=timezone.utc)
print(t.date())        # 2024-08-13
ist = t.astimezone(ZoneInfo("Asia/Kolkata"))
print(ist.date())      # 2024-08-14
```

रात्री दीडपर्यंत जागायची गरज नाही. तारीख काढणाऱ्या फंक्शनला वेळ बाहेरून द्यायची सोय केली आणि दीड वाजताची वेळ हातात ठेवली. आता बग दुपारी तीनलाही हवा तेव्हा घडतो. बग पुन्हा घडवणं म्हणजे हे. तो कधीतरी येतो म्हणून आपण वाट बघत बसलो तर दुरुस्ती झाली की नाही हे कळणार कसं?

मग त्याची टेस्ट लिहिली आणि ती आधी फेल होताना पाहिली. पहिल्याच फटक्यात पास होणाऱ्या टेस्टवर माझा विश्वास नाही. बहुतेकदा ती भलतंच काहीतरी तपासत असते. मग बदल एकच केला, तारीख भारतीय वेळेने काढली. टेस्ट पास. नंतर तो बदल मुद्दाम काढला. टेस्ट फेल. परत घातला, पास. ही तिसरी पायरी कंटाळवाणी वाटते आणि जवळजवळ सगळे ती गाळतात. पण याच बदलाने काम झालं, याला माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

एका वेळी एकच बदल ही सवय लावणं सगळ्यात अवघड. रात्री अकराला, सबमिशन उद्या असताना, हात आपोआप चार ठिकाणी जातात. मी स्वतःला एक अट घातलीय: रन करण्याआधी वहीत एक ओळ, ‘हे बदलते आहे, म्हणून अमुक दिसायला हवं.’ दिसलं नाही तर तो बदल मागे घ्यायचा. ‘राहू दे, काही बिघडत नाही’ म्हणून ठेवलेले बदल साठत जातात. `git restore .` एका सेकंदाचं काम आहे; फक्त आधीपासून गिटमध्ये असलेल्या फाइलींमधले `git add` न केलेले सगळेच बदल जातात, तेव्हा शोध सुरू करण्याआधी चांगलं काम कमिट करून ठेवा. आणि बदल म्हणजे फक्त कोड नाही. इनपुट फाइल बदलली, पायथनची आवृत्ती बदलली, तोही बदलच.

छोट्या कमिटचा आणखी एक फायदा. मागच्या आठवड्यात चालत होतं, आज चालत नाही, मधे शंभर-सव्वाशे कमिट. एकेक बघत बसू नका:

```
git bisect start
git bisect bad
git bisect good v1.2
```

`v1.2` च्या जागी चालत असलेल्या कमिटचं नाव. गिट मधला कमिट काढून देतं, तुम्ही चालवून `good` किंवा `bad` सांगायचं. १२८ कमिट सात वेळा निम्मे केले की एक उरतो. झालं की `git bisect reset`. तो एक कमिट ‘नाश्ता फिक्स’सारखा असला तर मात्र गिटही हात टेकतं.

पतंगाची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्ड मार्क २ संगणकाच्या रिलेमध्ये पतंग सापडला. ‘बग’ शब्द तिथून आला असं सांगतात, ते खरं नाही. एडिसनच्या १८७८ च्या पत्रात तो आहे. मला त्या दिवशीच्या लॉगबुकच्या पानावरची नोंद आवडते: वेळ १५४५, रिले ७०, पॅनेल एफ, आणि चिकटपट्टीने चिकटवलेला तो पतंग. कधी, कुठे आणि पुरावा, तिन्ही एका ओळीत.

एक अपवाद सांगते. लोक वापरत असलेला सर्व्हर बंद पडला असेल तर आधी जुनी आवृत्ती परत चढवा, लॉग जपून ठेवा, शोध नंतर. आणि कितीही केलं तरी पुन्हा न घडणारे बगही असतात. तिथे अंदाजाने दुरुस्ती करू नका. लॉगच्या चार ओळी वाढवा आणि पुढच्या वेळची वाट बघा.

आता तुमची पाळी. प्रत्येक मशीनवर `nashta` नावाचा फोल्डर आहे, त्यातला प्रोग्राम बिघडवून ठेवलाय. दोघादोघांच्या जोड्या करा. पहिली पंधरा मिनिटं कोडला हात लावायचा नाही, फक्त चालवायचा, आणि कोणत्या इनपुटवर दर वेळी चुकतो ते कागदावर लिहून मला दाखवायचं. मागच्या बाकावरच्यांनो, एडिटर बंद करा, दिसतंय मला.