तात्पुरत्या पदवी प्रमाणपत्रासाठी तातडीचा अर्ज

दि. १ जुलै २०२५

प्रति,
मा. संचालक,
परीक्षा व मूल्यमापन मंडळ,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे

विषय : १५ जुलैपूर्वी तात्पुरते पदवी प्रमाणपत्र मिळणेबाबत.

महोदय,

मी एप्रिल-मे २०२५ ची बी.ई. मेकॅनिकल अंतिम वर्षाची परीक्षा उत्तीर्ण झाले आहे (बैठक क्र. बी४०१२७३६). कोणताही विषय राहिलेला नाही. जर्मनीतील एम.एस्सी. प्रवेशासाठी पदवीचा पुरावा १५ जुलैपर्यंत ऑनलाइन जमा करायचा आहे. पदवीदान समारंभ त्यानंतर असल्याने मूळ पदवी तोवर मिळणार नाही, आणि तिथे केवळ गुणपत्रिका ग्राह्य धरत नाहीत.

प्रमाणपत्रावर पदवी, शाखा, परीक्षेचा महिना-वर्ष, श्रेणी व सीजीपीए यांसह ‘पदवीसाठीच्या सर्व अटी पूर्ण’ असा इंग्रजीत स्पष्ट उल्लेख असावा, ही विनंती. गुणपत्रिकेवर माझे आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी आहे. नावातील अक्षरे मात्र तंतोतंत तीच आहेत. स्कॅन करून भाषांतराशिवाय लावायचे असल्याने शिक्का सहीवर किंवा नावावर येऊ नये.

तातडीचे शुल्क भरले आहे. ८ जुलैपर्यंत प्रमाणपत्र मिळाल्यास त्रुटी निघाली तरी दुरुस्तीला आठवडा उरेल. मी स्वतः खिडकीवर येऊन घेईन. टपालाने पाठवू नये.

सोबत : आठही सत्रांच्या गुणपत्रिका, पासपोर्टची प्रत, प्रवेशाच्या मुदतीचे पत्र, शुल्काची पावती.

आपली विश्वासू,
मृण्मयी सतीश देवकाते