व्हॉट्सॲपची प्रायव्हसी पॉलिसी वाचून काढली, बी विंगच्या ग्रुपसाठी थोडक्यात

नमस्कार मंडळी, गुरुवारी रात्री आपल्या ग्रुपवर तो मेसेज फिरला ना, "उद्यापासून व्हॉट्सॲप तुमचे फोटो वापरणार, मी परवानगी देत नाही असं लिहून सगळ्यांना पाठवा", तर तो अकरा जणांनी पाठवला आणि मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं की पॉलिसीत खरंच काय लिहिलंय ते कुणी वाचलंय का? कुणीच वाचलेलं नव्हतं, मीपण नाही. मी उगाच म्हटलं मी वाचते, आणि मग शनिवार दुपार आणि रविवारची अर्धी सकाळ गेली त्यात. whatsapp.com/legal/privacy-policy वर आहे सगळं, ज्याला हौस आहे त्याने बघा.

आधी तो फॉरवर्ड. असं काही लिहून फॉरवर्ड केल्याने काहीही होत नाही. ॲप सुरू करताना आपण Agree वर बोट ठेवलंय तोच करार. परवानगी नाकारायची तर सेटिंगमध्ये जाऊन नाकारायची, जिथे नाकारता येते तिथेच, आणि ती जागा किती कमी आहे ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. मेसेज, फोटो, कॉल हे वाटेत कुलूपबंद असतात, एंड टू एंड एनक्रिप्शन म्हणतात ते, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधे कंपनीलाही वाचता येत नाही. हे खरं आहे. मेसेज पोचला की त्यांच्या सर्व्हरवरून पुसला जातो, समोरच्याचा फोन बंद असेल तर कुलूप लावलेल्या अवस्थेतच जास्तीत जास्त 30 दिवस ठेवतात आणि मग काढून टाकतात. त्यामुळे आपण काय बोलतो ते कुणी ऐकत बसलेलं नाही.

पण आपल्या गेटवरची वही आठवा. वॉचमन पिशवी उघडून बघत नाही, पण नाव, फ्लॅट नंबर, किती वाजता आला, किती वाजता गेला, गाडी कुठली, सगळं लिहितो. वर्षभराची वही काढली तर कुणाकडे कोण किती वेळा येतं ते पिशवी न उघडता कळेल की नाही? कंपनीकडे ही वही आहे, आणि पॉलिसीचा बराच भाग या वहीबद्दलच आहे.

वहीत काय काय जातं ते सांगते. तुमचा मोबाईल नंबर आणि प्रोफाइलचं नाव तर आहेच, फोटो आणि About मध्ये लिहिलेलं जे असेल ते. मग तुम्ही ॲप किती वेळा उघडता, किती वेळ वापरता, कुठली फीचर वापरता, ऑनलाइन आहात का, शेवटचे कधी होतात. ग्रुपचं नाव, ग्रुपचा फोटो आणि डिस्क्रिप्शनही त्यात येतं! म्हणजे ग्रुपमध्ये आपण काय भांडतो ते कंपनीला दिसत नाही पण "बी विंग पाणी प्रश्न" हे नाव दिसतं, त्यावरून काय भांडत असू तेवढा अंदाज कुणीही बांधेल 😄

फोनची माहिती वेगळी. मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्क कुठलं, भाषा, टाइमझोन, आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवरचा फोनचा पत्ता, सिग्नल किती आहे आणि बॅटरी किती टक्के आहे, हो, बॅटरीसुद्धा, मी दोनदा वाचलं. लोकेशन बंद ठेवलं तरी आयपी ॲड्रेस आणि नंबरच्या कोडवरून शहर आणि देश साधारण कळतो, हे त्यांनीच लिहिलंय. म्हणजे "मी लोकेशन ऑफ ठेवते" म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी (मी धरून) ऐकून ठेवा. ॲपमधून पैसे पाठवत असाल तर त्या व्यवहाराची माहितीही जाते, त्याच्या अटी वेगळ्या आहेत.

कॉन्टॅक्ट्सचं मला सगळ्यात जास्त खटकलं. परवानगी दिलीत की तुमच्या फोनबुकातले नंबर नियमितपणे वर जातात, व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांचे आणि न वापरणाऱ्यांचेही. न वापरणाऱ्यांचे नंबर ओळख पटणार नाही अशा स्वरूपात ठेवतो असं ते म्हणतात, ठीक आहे, पण माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात स्मार्टफोन हातात धरला नाही आणि त्यांचा नंबर घरातल्या चार जणांच्या फोनमधून चार वेळा जाऊन आलाय, त्यांना कुणी विचारलं? तसंच, दुसरे लोक तुमच्याबद्दल जे देतात तेही जमा होतं. आणि कुणी तुम्हाला रिपोर्ट केलं तर तुमचे त्या चॅटमधले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात आणि तुम्हाला ते कळवलं जात नाही. इथे कुलूप फुटत नाही बरं का, समोरच्याच्या फोनवर मेसेज उघडाच असतो, तो तिथून पाठवला जातो.

आता हे सगळं कुणाला देतात. व्हॉट्सॲप मेटाचं आहे, फेसबुक आणि इन्स्टाग्रामही मेटाचं. मेटाच्या कंपन्यांना तुमचा नंबर, व्यवहारांची माहिती, फोनची माहिती, आयपी ॲड्रेस आणि तुम्ही दुकानांशी कंपन्यांशी कसे बोलता याची माहिती जाऊ शकते. कशासाठी, तर स्पॅम रोखायला, सेवा सुधारायला, ओळखीची माणसं सुचवायला, आणि मेटाच्या ॲपवर ऑफर आणि जाहिराती दाखवायला. वाक्य लांबलचक आहे, जाहिरातींचा मुद्दा शेवटी कोपऱ्यात आहे. मेसेजमधला मजकूर यात नाही, तो भाग पुन्हा सांगते, नाहीतर उद्या कुणीतरी अर्धंच फॉरवर्ड करेल.

दुकानांशी चॅट करताना मात्र जपून. तुम्ही साडीच्या दुकानाला मेसेज केलात तर तो दुकानात कोण कोण वाचतं ते दुकान ठरवणार, आणि मोठ्या कंपन्या तर चॅट सांभाळायला दुसरी कंपनी नेमतात, ती मेटासुद्धा असू शकते. मागच्या दिवाळीत मी एका दुकानाला एका पैठणीचा भाव विचारला, घेतली नाही, आणि त्यानंतर चार महिने मला चार वेगवेगळ्या नंबरांवरून साड्या येत होत्या. माझा नंबर पुढे कुणी दिला ते मला अजून माहीत नाही, पण मेसेज "लॉक" होता म्हणून तो समोरच्याच्या हातात गेल्यावर लॉक राहत नाही एवढं कळलं. याशिवाय सर्व्हर वगैरे चालवणाऱ्या बाहेरच्या कंपन्या, आणि कायद्याने मागितलं तर पोलीस आणि सरकार, यांना माहिती देतात.

बरं, आता "नको" कुठे म्हणायचं. खरं सांगते, मोठा दरवाजा बंद झालाय. ऑगस्ट 2016 मध्ये पॉलिसी बदलली तेव्हा जुन्या लोकांना फेसबुकला जाहिरातींसाठी माहिती देऊ नका म्हणायला 30 दिवस दिले होते, एक टिक काढायची होती. कुणी काढली? हात वर करा. 2021 च्या पॉलिसीत तो पर्यायच नव्हता, मान्य करा नाहीतर ॲप सोडा असा प्रकार. आधी 8 फेब्रुवारी तारीख होती, लोक भडकले म्हणून 15 मे वर ढकलली. याच "घ्या नाहीतर जा" प्रकारावरून आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213.14 कोटींचा दंड लावला, ते अपिलात गेले. पाचव्या मजल्यावरच्या मावशींचा मुलगा जर्मनीत आहे, त्याला "आमच्याकडे वेगळं आहे" असं म्हणताना ऐकलं असेल तर तो थापा मारत नाहीये, युरोपला खरंच वेगळी पॉलिसी लागते.

म्हणून उरल्यात त्या छोट्या कड्या. त्यातल्या ज्या खरंच कामाच्या वाटल्या त्याच सांगते.

सगळ्यात आधी बॅकअप. मेसेजला वाटेत कुलूप असतं पण चॅटचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जातो तेव्हा ते कुलूप आपोआप असेलच असं नाही, आपण चालू करावं लागतं. Settings मधून Chats, मग Chat backup, तिथे End-to-end encrypted backup. पासवर्ड मागेल, तो वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीलाही उघडून देता येत नाही आणि मग नातवाचे फोटो गेले म्हणून माझ्याकडे यायचं नाही.

मग Settings मधून Privacy. इथे Last seen, Profile photo, Status, Groups सगळं My contacts वर करा. Groups चं नक्की करा, त्या "घरबसल्या कमवा"वाल्या ग्रुपात आपल्याला न विचारता टाकणं बंद होतं. त्याच पानावर खाली Advanced आहे, त्यात Protect IP address in calls चालू केलं की कॉलवरच्या माणसाला तुमचा आयपी दिसत नाही. पण नीट समजून घ्या, हे पान बहुतेक दुसऱ्या माणसांपासून लपवण्यासाठी आहे. कंपनीपासून नाही. Last seen बंद केलंत तरी वहीत नोंद होतेच.

कॉन्टॅक्ट्स बंद करायचे तर ॲपमध्ये नाही, फोनच्या सेटिंगमध्ये जायचं, Apps, WhatsApp, Permissions, Contacts, Don't allow. ॲप चालतं, पण नावाऐवजी नुसते नंबर दिसायला लागतात. मी दोन दिवस करून बघितलं आणि परत चालू केलं, कारण "4471 ने दूध संपलं लिहिलंय" हा 4471 म्हणजे कोण ते कळेना, तो माझा नवरा निघाला.

दुकानवाले त्रास देत असतील तर चॅट उघडून वर नावावर टॅप करा, खाली Block. लाजू नका.

आपली काय काय माहिती त्यांच्याकडे आहे ते मागवताही येतं. Settings, Account, Request account info. साधारण तीन दिवसांत रिपोर्ट येतो, त्यात मेसेज नसतात पण बाकी वही बरीच दिसते. मी काल मागवलाय, आला की दाखवते.

आणि शेवटचा उपाय, अकाउंटच काढणं. नुसतं ॲप अनइन्स्टॉल केलं तर अकाउंट जात नाही, माहिती तिथेच राहते. Settings, Account, Delete account असंच करायचं, माहिती पुसायला 90 दिवसांपर्यंत लागतात, आणि तुम्ही इतरांना पाठवलेलं त्यांच्या फोनमध्ये राहतंच. तुमची गुड मॉर्निंगची फुलं आमच्याकडे सुरक्षित आहेत.

मी स्वतः काढणार नाहीये, दुधाचा हिशोब, शाळा, टँकरची वेळ सगळं इथेच आहे. बॅकअप आणि Groups, ही दोन सेटिंग मी घरातल्या सगळ्यांच्या फोनवर करून टाकली, बाकी ज्याचं त्याने ठरवा.

येत्या रविवारी 11 ते 1 मी खाली ऑफिसात बसते, ज्यांना करून हवंय त्यांनी फोन घेऊन या. चार्ज करून आणा, आणि ज्यांना स्क्रीन लॉकचा पिन आठवत नाही त्यांनी आधी घरी आठवून या, मागच्या वेळी अर्धा तास त्यातच गेला.