चिंचेच्या पाल्यापासून गवसणीपर्यंत

या मंडळी, सतरंजीवर सरकून बसा. गजक मधे ठेवलीय, पण गाणाऱ्यांनी शेवटीच खायची. घशात तीळ अडकला की पंचम निघत नाही, हे मागच्या डिसेंबरात सिद्ध झालंय. भा. रा. तांबे ह्याच ग्वाल्हेरात १९४१ साली गेले. त्यांच्या गावात बसून आपल्या कविता चालीवर म्हणायच्या म्हणजे इथल्या लश्कर भागात कुणाला तंबोरा लावून दाखवण्यासारखं आहे. तरी म्हणू. चार रचना आहेत. पहिलीला टाळ्या वाजवा, पुढे त्या आपोआप कमी होतील.

पहिली भूपात, केरव्यावर. तानसेनाच्या मकबऱ्याजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो म्हणतात. मी लहानपणी मूठभर खाल्ला होता.

चिंचेचा मी खाल्ला पाला,
गळा गोड ना, आंबट झाला!

सा म्हणताना रे सापडतो,
पा-च्या पायी धा अडखळतो,
शेजाऱ्याचा कुत्रा रडतो,
आई म्हणते, सूर मिळाला!

आजी म्हणते, पाला सोडा,
गूळ नि सुंठेचा घ्या काढा,
उद्याचाहि तो असेल वेडा,
राहू द्या ना थोडा पाला!

‘कुत्रा रडतो’वर वहिनींनी पेटीचा तो अडकणारा काळा सूर मुद्दाम दाबायचा. बिघडलेल्या पट्टीचा एवढाच उपयोग.

दुसरी देसच्या अंगाने, दादरा, पण संथ. बांधणी अभंगाची आहे, सहा-सहा-सहा-चार. कोकणातून लग्न होऊन इथे आलेली आमची आजी जात्यावर बसलीय असं समजा.

माहेरच्या वाटे । लाल माती ओली ।
सासरी ही बोली । खडी खडी ॥

आत म्हणे ‘पाणी’ । बाहेर ते ‘पानी’ ।
दोघींच्याही मनी । तहानच ॥

दळता दळता । दाण्यांत मिसळे ।
माझ्या भाषेतले । मीठ जुने ॥

नातू माझा म्हणे । ‘आजी, ओवी सुना’ ।
चूक काढू कुणा । गोड लागे ॥

‘खडी खडी’ दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा तक्रारीने, दुसऱ्यांदा हसत. आणि ‘सुना’ला थांबून इकडेतिकडे बघू नका, इथे बसलेल्या निम्म्यांची मुलं असंच बोलतात. माझा तर बाड्यावर भाजीचा भावही हिंदीतच होतो.

आता तबला जरा जवळ घ्या. यमन, रूपक. गालगागा गालगागा असा सात-सात मात्रांचा तुकडा रूपकात फार न ओढता बसतो. गंमत अशी की रूपकाची सम खालीवर येते. बाकी तालांत समेवर टाळी पडते, इथे हात नुसता हवेत हलतो. म्हणून जिथे जिथे ‘ना’ने ओळ सुरू होते तिथे तो ‘ना’ बरोबर समेवर टाकलाय. चाल लावायला मला तीन आठवडे लागले. पहिल्या चालीत ‘ना’ तिसऱ्या मात्रेवर जात होता आणि सगळं नुसतं रडगाणं वाटत होतं. तबलजींना विनंती, तिथे बायाँ घुमवायचा नाही. चाटीवर बोट ठेवा, बास.

ना तुझी चाहूल दारी,
ना दिवा कोणी उजळला;
सांज आली उंबऱ्याशी
अन् म्हणाली, ‘पाय वळला.’

ना तिला मी ‘बैस’ म्हटले,
ना निरोपाचा इशारा;
दोन पेल्यांतून एकच
गार झाला काठ सारा.

ना तुझे मी नाव घेतो,
ना तुला विसरून जातो;
जो रिकामा त्याच जागी
हात हलका ताल देतो.

शेवटची ओळ एकदाच म्हणायची. तीव्र मध्यमावरून खाली यायचा मोह होतो, तिहाई घ्यावीशी वाटते, मलाही वाटली होती. घेऊ नका. ‘वा’ म्हणायचं असेल त्यांनी मनात म्हणा, पेटी थांबेपर्यंत.

पंखा बंद करा कुणीतरी. चौथीला ठेका नाही, पेटीही नाही, फक्त तंबोरा. भैरवी आहे, म्हणजे यानंतर फर्माईश नाही. सूर चार-पाचच लागतात, बाकी बोलल्यासारखं. तिसऱ्या ओळीनंतर मी खरंच तार छेडणार आहे आणि ती पूर्ण विरेपर्यंत पुढची ओळ म्हणणार नाही. तेवढा वेळ गजकचा कागद वाजवू नका.

तंबोऱ्याला गवसणी
घालता घालता
बोट लागलं तारेला.

एवढंच म्हणायचं होतं.
बाकीचं सगळं
इथवर यायला.