विषय: कोरगुट प्रयोगाचा फुलोऱ्यातला डेटा गेला, काय हाती आहे आणि पुढे काय करायचं

आदरणीय मॅडम,

रविवारी रात्रीच्या गडगडाटी पावसात वीज गेली आणि परत आली ती चढ्या दाबाने. त्यात प्रयोगशाळेतला सर्व्हर बंद पडला. १ सप्टेंबरनंतरच्या, म्हणजे भात पोटरीत आल्यापासून फुलोरा संपेपर्यंतच्या आपल्या फाइली सध्या उघडत नाहीत. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर राहत होता, पण त्या एकाच पेटीत असल्याने दोघींनाही झटका बसला. रात्री आपोआप प्रत घेणारी बाहेरची डिस्कही तेव्हा जोडलेलीच होती, तीही लागत नाही. ३१ ऑगस्टपर्यंतचा सगळा डेटा मात्र ऑनलाइन प्रतीत सुरक्षित आहे. मी तो उतरवून फाइली उघडून पाहिल्या.

गेलेला काळ नेमका आपल्याला सर्वांत हवा असलेला आहे, याचंच मला फार वाईट वाटतंय. रोपावस्थेनंतर भाताला खारेपणा सर्वांत जास्त बाधतो तो याच दिवसांत, आणि कोरगुट तिथे कसा तग धरतो हाच तर आपला प्रश्न होता.

तरी सगळं गेलेलं नाही. पानांचे नमुने वाळवून, दळून पाकिटांत ठेवलेले आहेत, त्यामुळे सोडियम-पोटॅशियमचं मोजमाप फ्लेम फोटोमीटरवर पुन्हा करता येईल. परागकणांचे फोटो गेले, पण फुलं ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवलेली आहेत. आयोडीनने नव्याने रंगवून मोजणी होईल. हरितद्रव्याच्या मीटरचे आकडे कागदी वहीत आहेत. कुंड्यांतलं पीक अजून उभं आहे, म्हणजे लोंब्या, पळींज आणि दाण्यांचं वजन यांना धक्का नाही.

घाई आहे ती चोडणच्या खाजनातल्या लॉगरची. मानशीजवळचे तिन्ही लॉगर दर १५ मिनिटांनी क्षारतेची नोंद घेतात आणि मेमरी भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहितात. सप्टेंबरच्या नोंदी अजून त्यांच्यात असायला हव्यात, पण जितका उशीर तितक्या त्या पुसल्या जातील. म्हणून उद्या सकाळी रायबंदरहून पहिल्या फेरीने जाऊन आधी नोंदणी थांबवते, मग तिथेच मेमरी उतरवून दोन ठिकाणी ठेवते. बांधावरच्या काकांना फोन करून ठेवलाय. भरतीची वेळ बघून ते मानस सांभाळतील.

डिस्कबाबत: एक फिरतच नाही, तिला आम्ही पुन्हा वीज दिलेली नाही. दुसरी फिरते, संगणकाला दिसते, फक्त फाइली उघडत नाहीत. तिच्यावर काहीही न लिहिता आधी `ddrescue` ने पूर्ण प्रतिमा काढायची आणि दुरुस्तीचे प्रयत्न त्या प्रतिमेवरच करायचे, असं संगणक विभागातल्या सरांशी बोलून ठरवलंय. संगणक ‘रिपेअर करू का?’ असं विचारतो तिथे कोणी ‘हो’ म्हणू नये, म्हणून दोन्ही डिस्क कपाटात कुलूपबंद आहेत. प्रतिमेतून काही निघालं नाही तर बाहेरच्या डेटा-रिकव्हरीवाल्यांकडे पाठवाव्या लागतील. त्याचा खर्च आकस्मिक निधीतून चालेल का, ते आपण सांगावं.

एका गोष्टीवर मी ठाम आहे. प्रकाशसंश्लेषणाची आणि पर्णरंध्रांची मोजमापं जिवंत पानावरची आहेत. डिस्कमधून किंवा यंत्राच्या मेमरीतून ती मिळाली नाहीत तर ती गेली असं धरायचं. आधीच्या आठवड्यांवरून अंदाज बांधून रकाने भरायला माझं मन तयार नाही. आत्ता नव्याने पेरून हिवाळ्यात मोजावं असाही विचार केला, पण कोरड्या हवेत पर्णरंध्रं वेगळी वागतात. ते आकडे पावसाळ्यातल्या आकड्यांशेजारी ठेवता येणार नाहीत. तेव्हा पुढच्या खरिपात फक्त फुलोऱ्याचा भाग, त्याच क्षारता-पातळ्यांवर, पुन्हा करावा असं सुचवते. बियाणं त्याच शेतकऱ्याकडचं आहे, तेवढं मी राखून ठेवते. प्रबंधाला एक हंगाम उशीर होईल हे मला माहीत आहे.

प्रगती समितीपुढे यातलं काहीही झाकू नये असं वाटतं. ऑगस्टपर्यंतचे निष्कर्ष मांडते आणि सप्टेंबरच्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असं स्पष्ट लिहिते. आपलं मत वेगळं असेल तर आराखडा पाठवण्याआधी कळवा.

आजपासून यंत्राचा डेटा त्याच संध्याकाळी माझ्या लॅपटॉपवर आणि ऑनलाइन, दोन्हीकडे जाईल. प्रत घेऊन झाली की बाहेरची डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत ठेवू. वहीच्या पानांचे फोटोही रोज चढवते.

मला आपल्याकडून दोनच निर्णय लगेच हवेत: डिस्क बाहेर पाठवायला परवानगी, आणि पुढच्या खरिपासाठी नेट हाउसमधली जागा राखून ठेवायचं पत्र. आपण परिषदेत आहात, तेव्हा फोन केला नाही. उद्या दुपारी चोडणहून परतले की लॉगरमध्ये काय मिळालं ते लिहून कळवते.

आपली विद्यार्थिनी,
सुप्रिया