रोज पंधरा मिनिटे व्यायामासाठी मिळावीत, ही विनंती

सातारा
दि. 20 जून

मा. मुख्याध्यापिका यांस,

विषय : पाचवी ते सातवीच्या मुलांना शाळेच्या वेळेत रोज पंधरा मिनिटे व्यायाम देण्याबाबत.

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात दाखल्याच्या कामासाठी दुपारी शाळेत आले होते. सातवी तासिका चालू होती. सहावीच्या वर्गावरून जाताना आत नजर गेली. बाई मनापासून शिकवत होत्या, पण मागच्या दोन बाकांवरची मुलं दप्तरावर डोकं टेकून बसली होती. त्यात माझी मुलगीही होती. मला तिचा राग आला नाही. सकाळपासून बसून बसून तिचं अंग आंबलं होतं.

वेळापत्रकात पीटीच्या दोन तासिका आहेत. चाचणी जवळ आली की त्याही गणिताला जातात. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान 60 मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरी आल्यावर क्लास आणि गृहपाठ असतो, मग ही हालचाल होणार कधी? 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव आपल्याच जिल्ह्यातले, गोळेश्वरचे. हे उत्तर सामान्यज्ञानाच्या पेपरात आमच्या मुलांचं चुकत नाही, पण मैदानाला एक फेरी मारली की त्यांना धाप लागते. याचं मला फार वाईट वाटतं.

माझी विनंती अशी की सहावी तासिका संपल्यावर, साडेतीनच्या सुमारास, मुलांना पंधरा मिनिटे मोकळं करावं. तोवर डबा खाऊन तासभर होऊन गेलेला असतो. आठ तासिकांमधून प्रत्येकी दोन मिनिटे घेतली तर शाळा सुटण्याची वेळ बदलणार नाही. मैदानावर सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, लंगडी, खो-खो यातलं काहीही चालेल. आपल्याकडे पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात किंवा बाकाशेजारी उभं राहून जागच्या जागी धावता येईल. उठाबशा मात्र नकोत. मुलं त्यांना शिक्षा समजतात, आणि व्यायामाचा संबंध शिक्षेशी जोडला गेला की तो कायमचा नावडता होतो. दम्याचा त्रास असलेल्या मुलांना आणि पाळीच्या दिवसांत मुलींना, कारण न विचारता, बसायची मुभा असावी.

शिक्षकांवर आधीच कामाचा भार आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून आम्ही पाच पालकांनी आळीपाळीने रोज दोघांनी येऊन मदत करायचं ठरवलं आहे. जुलै महिनाभर फक्त सहावीच्या दोन वर्गांवर करून पाहावं. सातव्या तासिकेला मुलं कशी बसतात, हे वर्गशिक्षकांनीच पाहून सांगावं. त्यांना फरक दिसला नाही, तर आम्ही पुन्हा आग्रह धरणार नाही.

येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटे भेट दिलीत, तर आम्ही पाचही जण येऊ.

आपली नम्र,
सहावी 'ब', हजेरी क्रमांक 23 ची आई
(सदस्य, पालक-शिक्षक संघ)